मदत हवी आहे: पुनर्विकास करारातलं मराठी कलम परत इंग्रजीत करून कसं तपासायचं?

सचिव_२८_सदनिका

आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचा मूळ मसुदा विकासकाच्या वकिलांनी इंग्रजीत केला आहे. मराठी प्रतही त्यांनीच दिली आहे आणि सभासदांच्या सह्या दोन्ही प्रतींवर व्हायच्या आहेत. हातात 12 दिवस आहेत. अडलंय ते कलम 14 वर. मराठी जसंच्या तसं देतो:

"विकासक सभासदांस विस्थापन भरपाई म्हणून दरमहा ठरलेली रक्कम जागा रिकामी केल्यापासून ताबा देईपर्यंत अदा करील. इमारतीचे काम 36 महिन्यांत पूर्ण करण्यात येईल. नैसर्गिक आपत्ती अथवा विकासकाच्या नियंत्रणाबाहेरील कारणांमुळे विलंब झाल्यास विकासक भरपाईस जबाबदार राहणार नाही व सदर मुदत 6 महिन्यांनी वाढविता येईल."

इंग्रजी कलमाचा आशय असा: दरमहाची रक्कम भोगवटा प्रमाणपत्रासह ताब्याचं पत्र दिल्यावर आणखी 30 दिवस चालू राहील. 36 महिने शेवटच्या सभासदाने घर रिकामं केल्यापासून मोजायचे. उशीर झाला तर विकासकाने 'लिक्विडेटेड डॅमेजेस', म्हणजे उशीरासाठी करारात आधीच ठरवलेली रक्कम, द्यायची. अपवादात्मक कारणांनी उशीर झाला तर ती माफ, पण दरमहाची रक्कम चालूच. मुदत वाढवायची तर सोसायटी लेखी देऊन जास्तीत जास्त 6 महिने वाढवू शकते.

माझ्या भाच्याने मराठी कलम परत इंग्रजीत केलं. ते मूळ इंग्रजीशी जवळजवळ जुळलं. एवढ्यावर सही करायला हरकत नाही ना?

मसुदा_वाचक

भाच्याने मराठी हातात घेण्याआधी इंग्रजी मसुदा पाहिला होता का? त्याच्या इंग्रजीत 'लिक्विडेटेड डॅमेजेस' हे शब्द आलेत का तेही सांगा.

सचिव_२८_सदनिका

हो, दोन्ही प्रती त्याच्याकडे होत्या. आणि हो, 'लिक्विडेटेड डॅमेजेस' आलंय.

मसुदा_वाचक

मग ही चाचणी धरू नका. मराठीत फक्त 'भरपाई' आहे. त्या शब्दावरून 'लिक्विडेटेड डॅमेजेस' कुणालाच सुचणार नाही, ते डोक्यात आधीपासून असेल तरच येतं. भाच्याने मराठी वाचून अर्थ काढला नाही, मूळ इंग्रजी आठवून लिहिलं. परत आलेल्या इंग्रजीत मराठीने न दिलेला शब्द सापडला, की समजायचं अनुवादकाने मूळ पाहिलंय किंवा अंदाजाने भर घातलीय.

पुन्हा करा, पण असं. ज्यांनी इंग्रजी मसुदा पाहिलेला नाही आणि पुनर्विकासाच्या बोलण्यातही जे नाहीत, असे दोन जण घ्या. दोघांना एकमेकांचं काम दाखवू नका. प्रत्येकाला फक्त मराठी कलम आणि व्याख्यांचं पान द्या. सूचना दोनच. पहिली, वाक्य सुंदर करायचं नाही, मराठीत कर्ता नसेल तर इंग्रजीतही तो घालायचा नाही. दुसरी, एखाद्या शब्दाचे दोन अर्थ निघत असतील तर दोन्ही लिहायचे. एका कलमाला तासाभराहून जास्त लागू नये.

मग कागदाचे चार रकाने करा: मूळ इंग्रजी, मराठी, पहिल्याचं इंग्रजी, दुसऱ्याचं इंग्रजी. ओळीओळीने शब्द जुळवत बसू नका. प्रत्येक वाक्याला एवढंच विचारा: कोण करणार, करावंच लागेल की करता येईल, कधीपासून कधीपर्यंत, किती, आणि अपवादाने नेमकं काय सुटतं. यातलं एक जरी उत्तर मूळ इंग्रजीहून वेगळं निघालं तर तिथे खूण करा.

सह्याद्री_पायथा

एवढा खटाटोप कशाला? कोर्टात इंग्रजी प्रतच चालते. मराठी प्रत फक्त समजण्यासाठी असते.

मसुदा_वाचक

करारात तसं लिहिलेलं असेल तर तुमचं म्हणणं बरोबर आहे. बऱ्याच करारांत शेवटी एक कलम असतं, की दोन प्रतींत तफावत आली तर अमुक भाषेतली प्रत ग्राह्य धरावी. पण काही करारांत 'दोन्ही प्रती समान ग्राह्य' असं असतं आणि काहींत या बाबतीत काहीच नसतं. सचिवसाहेब, आधी ते कलम शोधा. आणि इंग्रजी प्रत वरचढ ठरली तरी तपासणी वाया जात नाही. सभासद सभेत मराठी वाचून होकार देणार आहेत. त्यांनी वाचलं एक आणि बांधले गेले दुसऱ्याने, असं व्हायला नको.

न्यायालयीन_अनुवाद

वरच्या पद्धतीशी सहमत आहे, पण एक भर घालते. परत आलेलं इंग्रजी मूळ इंग्रजीशी जुळलं म्हणजे मराठी चांगलं आहे, असं होत नाही. 'वाढविता येईल' घ्या. त्याचं इंग्रजी 'कॅन बी एक्स्टेंडेड' असं येईल आणि मूळ इंग्रजीतही 'एक्स्टेंड' आहे, म्हणून नजर पुढे सरकेल. पण वाढवणार कोण? मराठीत हे वाक्य कर्त्याशिवाय सहज उभं राहतं, कानाला खटकतही नाही. म्हणून 'करण्यात येईल', 'देता येईल', 'वाढविता येईल' अशी रूपं मराठी प्रतीतच लाल पेनाने अधोरेखित करा आणि शेजारी कर्त्याचं नाव लिहा. नाव लिहिता आलं नाही, तर कलम अपुरं आहे.

दुसरं रूप 'अदा करील'. साधा भविष्यकाळ आहे. मूळ इंग्रजीतल्या 'शॅल'साठी तो रूढ आहे, पण बंधन पक्कं हवं असेल तर 'अदा करणे बंधनकारक राहील' असं लिहून घ्या.

प्रवासी_पक्षी

माझा पण असाच प्रश्न आहे. व्हिसासाठी जन्मदाखल्याचं इंग्रजी भाषांतर हवंय. ते पण दोन जणांकडून करून घ्यावं लागेल का?

न्यायालयीन_अनुवाद

नाही, तुमचं काम वेगळं आहे. तुम्हाला मराठीतून इंग्रजीत एकदाच करायचं आहे, आणि ते कुणी प्रमाणित करावं हे तो दूतावास ठरवतो. इथे मराठी प्रत मूळाशी प्रामाणिक आहे का, ते शोधायचंय.

कोथरूडची_कांचन

लिव्ह अँड लायसन्सच्या मराठी प्रतीतही हेच दिसतं. इंग्रजीत 'लायसेन्सी' आणि मराठीत 'भाडेकरू'. परत इंग्रजीत केलं की 'टेनंट' येतं, आणि टेनंटचे हक्क वेगळे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 24 चा आधार लायसन्स देणाऱ्याला आहे, भाडेकरूसाठी तो नाही.

सचिव_२८_सदनिका

ग्राह्य भाषेचं कलम आमच्या करारात नाही. दोघांकडून कलम 14 करून आणलं. एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका आहेत, दुसरा कंपनीत कागदपत्रं बघणारा मुलगा. दोघांनीही 'विस्थापन भरपाई'ला 'डिस्प्लेसमेंट कॉम्पेन्सेशन' केलं आणि शेवटच्या वाक्यात 'द डेव्हलपर शॅल नॉट बी लायेबल फॉर कॉम्पेन्सेशन' लिहिलं. शिक्षिकेने बाजूला टीप दिली: 'कुठली भरपाई? वरची का?' आणि 36 महिन्यांपुढे दोघांनीही प्रश्नचिन्ह टाकलं.

मसुदा_वाचक

त्या टिपेत सगळं आलं. मूळ इंग्रजीत दोन वेगळ्या रकमा होत्या, मराठीत दोन्ही 'भरपाई' झाल्या. आता मराठी प्रत अशी वाचता येते की पाऊस, पूर किंवा 'नियंत्रणाबाहेरील कारण' आलं की दरमहाची रक्कमही बंद. बाहेर भाड्याने राहणाऱ्या सभासदाला सर्वात जास्त झळ याचीच बसेल.

36 महिन्यांना सुरुवातच नाही. तुमच्या 28 पैकी एकाने जानेवारीत घर सोडलं आणि शेवटच्याने जूनमध्ये, तर मोजायचं कुठून? मूळ इंग्रजीत हे उत्तर विकासकाच्या सोयीचं आहे, हेही लक्षात घ्या. मराठीत ते गळल्याने तुमचा फायदा होईल असं समजू नका. त्यातून फक्त वाद निघेल.

आणि 'ताबा देईपर्यंत' यात भोगवटा प्रमाणपत्र कुठेच नाही. किल्ली दिली, प्रमाणपत्र यायचंय, तरी रक्कम बंद असा अर्थ निघतो.

न्यायालयीन_अनुवाद

दुरुस्ती मराठी प्रतीत करायची, परत आलेल्या इंग्रजीत नाही. रकमांना दोन नावं द्या आणि पुढे कुठेही नाव बदलू नका. असं काहीतरी:

"विकासकाने प्रत्येक सभासदास 'मासिक भाडे रक्कम' देणे बंधनकारक राहील. ही रक्कम त्या सभासदाने जागा रिकामी केल्याच्या दिनांकापासून, भोगवटा प्रमाणपत्रासह ताब्याचे लेखी पत्र दिल्यानंतर 30 दिवस पूर्ण होईपर्यंत देय राहील. शेवटच्या सभासदाने जागा रिकामी केल्याच्या दिनांकापासून 36 महिन्यांत विकासकाने इमारत पूर्ण करावी. तसे न झाल्यास विकासकाने 'विलंब दंड' द्यावा. कलम 2 मध्ये नमूद केलेल्या अपवादात्मक कारणांमुळे विलंब झाल्यास विलंब दंड लागू होणार नाही. मात्र मासिक भाडे रक्कम चालूच राहील. ही मुदत वाढविण्याचा अधिकार फक्त संस्थेस राहील. संस्था ती लेखी संमतीने, एकूण 6 महिन्यांपेक्षा जास्त नाही इतकी, वाढवू शकेल."

अपवादात्मक कारणांची यादी इंग्रजी व्याख्येतून जशीच्या तशी उतरवा. 'नियंत्रणाबाहेरील कारणे' असं मोघम ठेवलं तर पैशांची चणचणही त्यात बसवली जाईल.

मसुदा_वाचक

बाकी ठीक, पण 'दंड' मला पटत नाही. त्याचं परत इंग्रजी 'पेनल्टी' होईल आणि मूळातल्या 'लिक्विडेटेड डॅमेजेस'पासून सरकेल. 'विलंबाची ठरीव रक्कम' बरं.

न्यायालयीन_अनुवाद

भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 74 मध्ये ठरवलेली रक्कम आणि दंड या दोघांनाही एकच माप आहे: करारात लिहिलेल्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई. त्यामुळे 'दंड' लिहिल्याने हक्क बुडत नाही. शिवाय 'ठरीव रक्कम' वाचून सभासदाला ती उशीरासाठी आहे हे लगेच कळेल का, याची मला शंका आहे.

मसुदा_वाचक

फरक कमी आहे हे मान्य. तरी दोन प्रती सोबत जोडायच्या असताना एकीत पेनल्टी आणि दुसरीत वेगळं, हे मी ठेवणार नाही. संस्थेच्या वकिलांना ठरवू द्या.

सचिव_२८_सदनिका

दुसरी फेरी केली. या वेळी दोन नवी माणसं घेतली, कारण आधीच्या दोघांना कलम पाठ झालं होतं. दोन रकमा वेगळ्या आल्या, 36 महिन्यांची सुरुवात आली, वाढवणाराही आला. पण एकाने 'संस्था'चं 'इन्स्टिट्यूट' केलं. मराठीत बदल करावा का?

न्यायालयीन_अनुवाद

त्याला व्याख्यांचं पान दिलं होतं का?

सचिव_२८_सदनिका

घाईत राहिलं. त्याला फक्त कलम दिलं होतं.

न्यायालयीन_अनुवाद

मग दोष मराठीचा नाही. व्याख्येत 'संस्था म्हणजे अमुक सहकारी गृहनिर्माण संस्था' असं आहे ना? असेल तर शब्द तसाच ठेवा. त्याच माणसाला ते पान देऊन फक्त शेवटचं वाक्य पुन्हा करायला सांगा. 'सोसायटी' आलं तर खूण काढून टाका.

सचिव_२८_सदनिका

आलं. आता विकासकाचे वकील म्हणतात, मराठीत इतके बदल केले तर इंग्रजीही पुन्हा उघडावं लागेल आणि सह्यांची तारीख जाईल. वैध म्हणणं आहे का हे?

मसुदा_वाचक

तुमच्या दुरुस्त्या मराठीला मूळ इंग्रजीच्या जागी आणतात. त्यात नवी अट एकही नाही, त्यामुळे इंग्रजी उघडायचं कारण नाही. चार रकान्यांचा कागद त्यांना दाखवा आणि नवी अट कुठली ते बोट ठेवून दाखवायला सांगा. 'विलंब दंड' या एका शब्दावर ते अडले तर तो बदला, बाकी सोडू नका. आणि ग्राह्य भाषेचं कलम आता घालून घ्याच. ते मात्र दोन्ही प्रतींत घालावं लागेल.

सह्याद्री_पायथा

ग्राह्य कुठली भाषा ठेवायची मग, मराठी की इंग्रजी?

सचिव_२८_सदनिका

रविवारच्या सभेत हाच विषय ठेवलाय. समिती मराठी म्हणतेय, विकासक इंग्रजीवर अडून आहे. ठरलं की कळवतो.