मदत हवी आहे: ऑडिटआधी डिस्पॅचच्या मागच्या तारखा टाकायला वरिष्ठ सांगताहेत

मी एका खाजगी कारखान्यात डिस्पॅच मॅनेजर आहे. सुमारे ३८ लाखांचा माल ४ एप्रिलला गेटबाहेर पडला. सेल्स हेडना ही विक्री मार्चमध्ये हवी आहे, म्हणून ते मला डिस्पॅच रजिस्टर आणि चलनावर ३१ मार्च टाकायला सांगताहेत. लेखी काहीच नाही, सगळं फोनवर. ऑडिटर पुढच्या आठवड्यात येतील.

ई-वे बिल, ट्रान्सपोर्टची एलआर आणि गेट पास, सगळ्यांवर एप्रिलचीच तारीख आहे. सॉफ्टवेअरमध्ये बदल केला तर एडिट लॉगमध्ये माझंच नाव राहील. वर्षअखेरीची बिलं आणि एलआर ऑडिटर जुळवून बघतातच. शिवाय माल गेटच्या आत होता, म्हणजे तो ३१ मार्चच्या स्टॉकमध्येही मोजलेला आहे.

मी हे सरांना नीट समजावलं. ऑर्डर मार्चचीच होती, हा त्यांचा मुद्दा. पण आमच्या करारात मालाचा ताबा डिलिव्हरीला जातो. सूचना मेलवर मागितली, तर "समोर बोलू" एवढंच उत्तर आलं. मी अजून काहीही बदललेलं नाही आणि बदलणारही नाही. नोकरी सोडणं सध्या शक्य नाही. कंपनीचं बँककर्ज ५० कोटींवर आहे, त्यामुळे कायद्याने गैरप्रकार कळवण्याची व्यवस्था, म्हणजे व्हिजिल मेकॅनिझम असायला हवी, पण एचआरला तिची माहिती नाही.

फोनवरच्या बोलण्याची नोंद करणारा मेल सरांना पाठवताना सीएफओंना सीसीत ठेवावं, की आधी सीएफओंना एकट्याने भेटावं? आणि ऑडिटरने थेट विचारलं, तर फक्त कागद दाखवायचे की ही सूचना आली होती हेही सांगायचं?