पावसाळ्यानंतर सोलर गार्डन लाइट अर्ध्या तासात विझतो, मदत हवी आहे

घोडबंदर रोडला गच्चीतल्या कुंड्यांजवळ दोन सारखे सोलर लाइट आहेत, प्रत्येकी एक १.२ व्होल्टचा एए निकेल मेटल हायड्राइड सेल. पावसाळ्यानंतर त्यातला एक दिवसभर ऊन मिळूनही अर्ध्या तासात विझतो.

पॅनेलवरचं शेवाळ साबणाच्या पाण्याने काढलं. आत पाणी गेलं होतं, सेलच्या स्प्रिंगवर हिरवट गंज होता. तो घासून सगळं पूर्ण वाळवलं. बाहेरच्या चार्जरवर भरलेला नवा सेल टाकला तर पहिल्या रात्री लाइट पहाटेपर्यंत चालला, पण पुढच्या रात्रींना पुन्हा तेच. म्हणजे एलईडी आणि सर्किट ठीक असावं, सेल फक्त भरत नाहीये.

मग सेल काढून, पॅनेलच्या तारा सुट्या करून दुपारच्या उन्हात मोजलं. व्होल्टेज दोन्ही पॅनेलचं साधारण २.२, पण मल्टीमीटर थेट जोडून करंट पाहिला तर चांगल्याचा ६० मिलिअँपिअर आणि याचा जेमतेम १५. पॅनेलवरचा इपॉक्सीचा थर पिवळट, धुरकट झालाय आणि एका कडेला आत ओल दिसते.

पॅनेल बॉडीला चिकटवलेलं आहे, उपटलं तर बहुतेक फुटेल. त्यामुळे आधी विचारतो: इतका कमी करंट नुसत्या धुरकट थरामुळे येतो का, की आतल्या पट्ट्या गंजल्या असणार? बारीक पॉलिश पेपरने थर घासून फायदा होईल, की सरळ २ व्होल्टचं नवं पॅनेल लावू?