मदत हवी आहे : अग्निशामक सिलिंडरच्या प्रशिक्षण व्हिडिओत पायऱ्यांच्या ओळी कशा बसवाव्यात?

नमस्कार. आमच्या कारखान्यातील कामगारांसाठी एबीसी पावडरचे अग्निशामक सिलिंडर वापरण्याचा व्हिडिओ मी आधीच्या प्रात्यक्षिकांच्या क्लिपांमधून तयार करत आहे. पिन ओढणे, नळीचे तोंड आगीच्या बुडाशी धरणे, मूठ दाबणे आणि नळी डावी-उजवीकडे फिरवणे, अशा चार पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीची सूचना पडद्यावर खाली एका ओळीत दाखवायची आहे. अडचण अशी, की पिन निघून मूठ दाबली जाते ती जेमतेम दोन सेकंदांत. तेवढ्यात ओळ वाचून होत नाही, आणि ती रेंगाळली तर पडद्यावर पावडरचा फवारा असताना खाली ‘पिन ओढा’ असेच दिसत राहते, जे मला धोक्याचे वाटते. क्लिपचा वेग कमी केला, तर सिलिंडर बराच वेळ चालते असा गैरसमज होईल. प्रत्यक्षात लहान सिलिंडर काही सेकंदांतच संपते. म्हणून पिनेवर चित्र तीन-चार सेकंद थांबवून ओळ दाखवावी आणि मग क्लिप मूळ वेगाने सोडावी, असा माझा विचार आहे. थांबलेल्या भागात मूळ आवाज बंद ठेवावा की निवेदन घालावे? शेवटच्या उजळणीत हीच स्थिरचित्रे पुन्हा दाखवावीत, की ओळींशिवाय क्लिप सलग चालवून पायऱ्या कामगारांकडूनच वदवून घ्याव्यात? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.