रोजचं वजन धरायचं की सात दिवसांची सरासरी?

केतकी_पुणे: दोन आठवडे रोज सकाळी, पोट साफ झाल्यावर आणि चहाच्या आधी वजन करतेय. डाएट त्याआधी महिनाभर चालू आहे. पहिला आठवडा, सोमवार ते रविवार: ७२.४, ७२.१, ७१.९, ७२.०, ७१.६, ७१.८, ७२.२. दुसरा: ७२.९, ७२.४, ७१.९, ७१.५, ७१.३, ७१.१, ७०.८. पहिल्या आठवड्याच्या रविवारी रात्री लग्नाचं जेवण होतं, म्हणून सोमवारचे ते ७२.९. आता सोमवारची सोमवारशी तुलना केली तर अर्धा किलो वाढलंय आणि रविवारची रविवारशी केली तर १.४ किलो उतरलंय! नवरा म्हणतो सरासरी काढ. मी उतरतेय की नाही? आणि रोज काट्यावर चढायची गरज आहे का?

नाना_वाईकर: अजिबात नाही. रोज वजन करणं म्हणजे नसता नाद. सकाळी आकडा वाढला की दिवसभर तोंड पाडून बसायचं, कमी झाला की दुपारी दोन पोळ्या जास्त. महिन्याच्या पहिल्या तारखेला एकदा करा आणि काटा माळ्यावर टाका.

आकडेमोड: नाना, ती पहिली तारीख लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आली असती तर? महिन्याचा सगळा हिशेब ७२.९ वर उभा राहिला असता. एकच आकडा घेतला की तो चांगल्या दिवशी पडला की वाईट, हे कळायला मार्गच उरत नाही.

केतकीताई, तुमच्या पहिल्या आठवड्याची सरासरी बरोब्बर ७२.० येते, दुसऱ्याची ७१.७. म्हणजे उतार ३०० ग्रॅमचा; अर्धा किलो वाढही नाही आणि १.४ किलोची घटही नाही. एका रात्रीत ७०० ग्रॅम चरबी चढायला रोजच्या खर्चावर पाच हजारांहून जास्त कॅलरी खाव्या लागतील, आणि पंगतीत कितीही आग्रह झाला तरी तेवढं खाल्लं जात नाही. ते वजन मिठाने धरलेलं पाणी, भात-जिलेबीतून शरीरात साठलेलं ग्लायकोजेन आणि अजून पोटात असलेलं अन्न. ग्लायकोजेनच्या दर ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं, म्हणून काटा एवढा उडी मारतो आणि तीन-चार दिवसांत खाली येतो. तुमचे ७२.९, ७२.४, ७१.९ हेच सांगताहेत.

पण त्या ३०० ग्रॅमवरही अजून नाचू नका. रोजची उलथापालथ अर्ध्या किलोची धरली, तर दोन साप्ताहिक सरासऱ्यांमध्ये पाव किलोचा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. शिवाय लग्नाचं पाणी एका दिवसात जात नाही. लागोपाठचे दिवस एकमेकांना चिकटलेले असतात, त्यामुळे सात आकड्यांत सात आकड्यांइतकी माहिती नसते. अजून दोन आठवडे बघा.

बाजारबुणगा: साध्या सरासरीपेक्षा एक्स्पोनेन्शियल घ्या, आम्ही शेअर बाजारात तेच वापरतो. ऑटोडेस्कचे सहसंस्थापक जॉन वॉकर यांनी वजनासाठीही हीच पद्धत मांडली होती. कालच्या रेषेतून आजच्या वजनाकडे फक्त एक दशांश सरकायचं:

```
आजची रेषा = कालची रेषा + (आजचं वजन - कालची रेषा) / 10
```

काटा रेषेच्या खाली असेल तर वजन उतरतंय, वर असेल तर चढतंय. ताईंचे आकडे घालून पाहिले. लग्नानंतरच्या सोमवारी काटा ७०० ग्रॅम उडाला, पण रेषा जेमतेम ७० ग्रॅम वर गेली. रोज रेषा बघायची, काट्याकडे बघायचंच नाही.

केतकी_पुणे: हे भारीच. आज सोमवार, काटा ७१.२, म्हणजे कालपेक्षा ४०० ग्रॅम जास्त. पण सात दिवसांची सरासरी ७१.७ वरून जवळपास ७१.४६ वर आली! वजन वाढलं तरी सरासरी उतरली. म्हणजे खरंच उतरतेय ना?

बाजारबुणगा: अर्थात! सरासरी खोटं बोलत नाही.

आकडेमोड: बोलत नाही, पण तिला विचारलंय काय ते बघा. सात दिवसांच्या सरासरीत आज एक आकडा आत आला आणि सात दिवसांपूर्वीचा एक बाहेर गेला. मधले सहा तेच आहेत. म्हणून सरासरीतला आजचा बदल म्हणजे आजचं वजन वजा गेल्या सोमवारचं वजन, भागिले सात. ७१.२ वजा ७२.९ म्हणजे उणे १.७, त्याचा सातवा भाग साधारण २४० ग्रॅम. लग्नाचं जेवण आज खिडकीतून बाहेर पडलं, एवढीच आजची बातमी. तो सोमवार ७२.० असता तर सरासरी शंभर-सव्वाशे ग्रॅमच उतरली असती.

थोडक्यात, सरासरीचं रोजचं हलणं काट्याइतकंच बेभरवशाचं असतं, फक्त आकड्यांनी लहान दिसतं. एका रविवारची सरासरी पुढच्या रविवारच्या सरासरीशी लावा, मधल्या दिवसांची बघू नका. सातच दिवस घ्या, कारण त्यात प्रत्येक वार एकदाच येतो आणि रविवारचं मटण दर वेळी आत असतंच. पाच दिवस घेतले की कधी रविवार येतो, कधी येतच नाही; दहा घेतले की कधी एक येतो, कधी दोन.

बाजारबुणगा, तुमची रेषा शांत आहे कारण ती मागे राहते. वजन सतत उतरत असेल तर सात दिवसांची सरासरी तीन दिवस मागचं दाखवते, तुमची एक दशांशवाली नऊ दिवस मागचं. आणि सुरुवात कुठून केली ते बघा. ताईंच्या पहिल्या सोमवारचे ७२.४ हे त्या आठवड्यातलं सर्वांत मोठं वजन होतं, आणि चौदाव्या दिवशीही रेषेत त्याचा पाव हिस्सा शिल्लक आहे. म्हणून रविवारी ती ७१.८६ वर अडकलेली होती.

बाजारबुणगा: मग पहिल्या आठवड्याची सरासरी घेऊन रेषा सुरू करा, तो प्रश्न संपला. नऊ दिवस उशीर झाला तर काय बिघडलं? वजन उतरवायला वर्ष लागतं. तुमच्या खिडकीतून लग्न धपकन पडतं, माझ्या रेषेतून हळूहळू विरतं. मला माझंच बरं वाटतं.

मृण्मयी_ठाणे: तुम्ही दोघे विसरलात. पाळीच्या आधीच्या दिवसांत माझ्या अंगात पाणी धरतं आणि ते सात दिवसांच्या सरासरीतून जात नाही, कारण तो अख्खा आठवडाच जड असतो. केतकी, पाळीआधीच्या आठवड्याची सरासरी मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी लाव. शेजारच्या आठवड्याशी लावलीस तर दर महिन्याला एकदा उगाच घाबरशील आणि एकदा उगाच खूश होशील.

नाना_वाईकर: म्हणजे फिरून महिन्यावरच आलात.

आकडेमोड: नाना, महिन्याने तुलना करायची, पण एका आकड्याची नाही. मृण्मयीताईंचा मुद्दा अगदी खरा. सरासरी फक्त वर-खाली होणारा गोंधळ पुसते. पाणी आठवडाभर एकाच बाजूला झुकलं तर ती तेच कल म्हणून दाखवते. भात-पोळी एकदम बंद करणाऱ्यांचं पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरतं, त्यातलं बरंच पाणी असतं, पण सरासरी ते इमानदारीत उतरवून देते. केतकीताईंचं डाएट महिनाभर चालू आहे, म्हणून त्यांना तो धोका कमी.

दत्ताकाका: मला हृदयाचा त्रास आहे. डॉक्टरांनी रोज सकाळी वजन लिहून ठेवायला सांगितलंय आणि तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढलं तर ताबडतोब फोन करायला. मुलाने मोबाइलवर सरासरी लावून दिली होती, ती मी काढायला लावली. मला पाणी वाढलेलंच कळायला हवंय.

आकडेमोड: अगदी योग्य केलंत काका. तुमचा प्रश्न केतकीताईंच्या उलटा आहे. ज्या पाण्याला त्या गोंधळ म्हणतात, तीच तुमची खबर. तीन दिवसांत दोन किलो चढलं तरी सात दिवसांच्या सरासरीत ते तिसऱ्या दिवशी निम्म्याहून बरंच कमी दिसेल.

केतकी_पुणे: ठीक. रोज वजन लिहीन, सरासरी फक्त रविवारी काढेन. पाळी पुढच्या आठवड्यात आहे, म्हणजे हा आठवडा जडच येणार. तो मागच्याशी लावत नाही. पण मागच्या महिन्याचे आकडेच नाहीत, मग खरं उत्तर अजून महिनाभर नाहीच ना?

मृण्मयी_ठाणे: नाहीच. तोवर कमरेला टेप लाव, दर रविवारी, बेंबीच्या रेषेत.

नाना_वाईकर: टेप रोज लावू नका म्हणजे झालं.