सातबारावरचा ‘आकार’ इंग्रजीत कसा लिहायचा?

पोल्ट्रीवाला: शेडच्या कर्जासाठी फाइल दिली आहे. बँकेचं छाननी खातं परराज्यात, त्यामुळे सातबारा इंग्रजीत मागितला. भाषांतर करून घेतलं तर फाइल परत. सातबारावर लागवडीयोग्य क्षेत्र 1.62.00, पोटखराब 0.08.00, एकूण 1.70.00 आणि त्याखाली आकार 4.35. भाषांतरात ‘साइज 4.35’ असं आलंय. तिकडच्या साहेबांचं म्हणणं, 1.70 हेक्टर म्हणजे 4.20 एकर, मग हे 4.35 एकर कुठून आले? आता ‘साइज’ऐवजी ‘एरिया’ लिहून दिलं तर चालेल का?

नगरकर: मोजणी मागवा सरळ. आमच्या बांधाचं भांडण मोजणीशिवाय मिटलंच नाही.

पोल्ट्रीवाला: अहो दादा, बांधाचं काही नाही, भाषांतराचं आहे.

निवृत्त तलाठी: ‘एरिया’ लिहाल तर चूक पक्की होईल. आकार म्हणजे आकारणी, सरकारने त्या जमिनीवर बसवलेला सारा. ते 4.35 म्हणजे चार रुपये पस्तीस पैसे, वर्षाचे. जुन्या जमाबंदीत ठरलेला आकडा आहे, म्हणून इतका किरकोळ दिसतो. ‘असेसमेंट’ लिहा आणि आकड्याआधी रुपये घाला. रुपये घातले नाहीत तर तो पुन्हा एकरच वाचेल. तुमच्याकडे 4.20 आणि 4.35 इतके जवळ आले म्हणून शंका आली. आकार नव्वद पैसे असता तर चूक कुणाच्या लक्षातही आली नसती.

हौशी भाषांतरकार: मीही अशी चारपाच कामं केली आहेत. आर म्हणजे गुंठाच, तेव्हा 170 गुंठे असं लिहिलं की प्रश्नच मिटतो. आणि ‘भोगवटादार’ला मी सरळ ‘ओनर’ लिहिते, बँकेला तेच हवं असतं.

निवृत्त तलाठी: बोलताना आर म्हणजे गुंठा चालतं, कागदावर नाही. आर 100 चौरस मीटरचा, गुंठा 101.17 चा. 170 आर म्हणजे 168 गुंठे, म्हणजे 4 एकर 8 गुंठे. दोन गुंठ्यांसाठी फाइल पुन्हा फिरेल. मुळात हे.आर.चौ.मी. आहे तसंच ठेवा, रूपांतर करायचंच तर वेगळ्या ओळीत.

‘ओनर’ला मात्र माझा विरोध आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 ची, तिच्या इंग्रजी पाठात ‘ऑक्युपंट क्लास वन’ आणि ‘क्लास टू’ हेच शब्द आहेत. वर्ग 2 ची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. तुम्ही ‘ओनर’ लिहिलंत की वर्गच पुसला गेला, आणि बँक नेमकं तेच शोधत असते.

हौशी भाषांतरकार: पण काका, परराज्यातला माणूस ‘ऑक्युपंट’ वाचून विचारतो, हा भाडेकरू का? माझ्या एका फाइलला हाच शेरा आला होता.

निवृत्त तलाठी: येतो, खरं आहे. भोगवटा म्हणजे नुसतं राहणं नव्हे, पण इंग्रजी शब्दात तो वास आहेच. मी असतो तर ‘ऑक्युपंट’ ठेवून खाली एक टीप दिली असती. टीप वाचली जाते का, हे मला सांगता येणार नाही.

पोल्ट्रीवाला: अजून एक राहिलं. माझ्या धाकट्या भावाच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ आहे. भाषांतरात ‘इग्नोरंट’ आलंय! भाऊ 31 वर्षांचा आहे, फार चिडलाय.

निवृत्त तलाठी: अज्ञान पालक कर्ता. महसुलाच्या भाषेत अज्ञान म्हणजे अल्पवयीन, ‘मायनर’. वडील वारले तेव्हा तो लहान असणार, वारसनोंदीत आईचं नाव पालक म्हणून लागलं आणि नंतर कुणी कमी केलं नाही.

पोल्ट्रीवाला: मग भाषांतरात ते सोडूनच देतो. आता तो मोठा आहे.

हौशी भाषांतरकार: नाही हो! मूळ कागदावर आहे ते भाषांतरात असलंच पाहिजे, नाहीतर मी खाली सही कशी करू? ‘मायनर, थ्रू गार्डियन मदर’ लिहा.

निवृत्त तलाठी: आणि तसं लिहिलंत की बँकेचा वकील विचारणार, अल्पवयीनाचा हिस्सा गहाण ठेवायला कोर्टाची परवानगी कुठे आहे? म्हणून भाषांतर थांबवा. भावाचा जन्माचा दाखला जोडून तलाठ्याकडे अ.पा.क. शेरा कमी करायचा अर्ज द्या. फेरफार मंजूर झाला की नवा सातबारा काढा आणि त्याचंच भाषांतर करून घ्या.

नगरकर: आमच्या चुलत्यांपुढे ए.कु.मॅ. आहे, ते काय असतं?

निवृत्त तलाठी: एकत्र कुटुंब मॅनेजर. त्यातले बाकीचे वारस कोण, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. आधी जुने फेरफार काढून आणा.

पोल्ट्रीवाला: अर्ज उद्या देतो. पोटखराबाचं विचारायचं राहिलं. भाषांतरात ‘बॅरन लँड’ आहे. तिथे माझं खळं आणि गोठा आहे, ओसाड कुठली?

हौशी भाषांतरकार: मी ‘अनकल्टिव्हेबल’ लिहिते.

निवृत्त तलाठी: वर्ग अ आहे की ब, ते आधी पाहा. ब म्हणजे रस्ता किंवा ओढा निघाला तर ते आठ आर बँक तशीही धरणार नाही. शब्दाबद्दल म्हणाल तर मी ‘पोटखराब’च ठेवला असता, पुढे वर्ग लिहून.