घड्याळ चार्ज होईना: केबल बदलू की घासू?

अवधूत, रत्नागिरी
तीन वर्षांचं स्मार्टवॉच आहे. मागे दोन धातूचे ठिपके, केबलच्या डोक्यावर दोन पिना, चुंबकाने चिकटतं. आठवडाभर झालं, लावलं की चार्जिंगचं चिन्ह येतं आणि मिनिटभरात जातं. वरून दाबून धरलं तर टिकतं. रात्रभर लावून सकाळी २३ टक्के! केबलच्या एका पिनेभोवती हिरवट काहीतरी साचलंय. दुकानदार म्हणतो केबल बदला, ९०० रुपये. मित्र म्हणतो पॉलिश पेपरने घास. कोणाचं ऐकू?

पक्का पुणेरी
दुकानदाराचं. या केबली म्हणजे वर्षभराच्या पाहुण्या. माझ्या घरात तीन मेल्या, तिन्ही वेळा घासत बसलो, तिन्ही वेळा शेवटी नवीनच घेतली. खात्री करायची तर पॉवर बँकेला लावून बघा. तिथेही मिनिटभरात बंद पडलं तर केबलच गेलेली.

जुना सोल्डर
पॉवर बँकेची परीक्षा इथे फसवते. घड्याळ ओढतं ते साधारण शंभर-दीडशे मिलिअँपिअर, शेवटी शेवटी त्याहून कमी. पुष्कळ पॉवर बँकांना एवढ्याशा ओढीवरून वाटतं की काहीच जोडलेलं नाही, आणि त्या स्वतःहून बंद होतात. चांगली केबलसुद्धा तिथे नापास होईल. मोबाईलच्या जुन्या साध्या चार्जरला किंवा लॅपटॉपला लावून बघा.

अवधूत, तुम्ही लिहिलेलं "दाबलं तर टिकतं" हे महत्त्वाचं आहे. वायर आतून तुटली असेल तर डोक्याजवळ ती वाकवल्यावर चिन्ह येतं-जातं. घड्याळ दाबल्यावर फरक पडतो तेव्हा गडबड पिनेत असते. या पिनांच्या आत बारीक स्प्रिंग असते. केबल भिंतीतून काढा, टूथपिकने एकेक पिन दाबा आणि सोडा. दोन्ही तितक्याच झटक्यात वर येतात का ते बघा.

आणि पॉलिश पेपर लांब ठेवा. त्या टोकांवर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा असतो, खाली निकेल, त्याखाली तांब्याचा मिश्रधातू. दोनदा घासलंत की मुलामा गेला, आणि मग घामाला थेट खालचा धातूच मिळतो. हिरवं दिसतंय म्हणजे एका जागी तो आधीच उघडा पडलाय.

खोडरबर मास्तर
मी गेली कित्येक वर्षं पेन्सिलीच्या खोडरबराने पुसतो. घड्याळ, रिमोट, मेमरी कार्ड, सगळं. पाच रुपयांत काम. उगाच रसायनं कशाला?

जुना सोल्डर
घड्याळाच्या मागचे सपाट ठिपके पांढऱ्या मऊ खोडरबराने एखाद्या वेळी पुसले तर माझं काही म्हणणं नाही. पण पिनेजवळ नको मास्तर, त्याचा चुरा पिनेच्या भोकात जातो आणि स्प्रिंग अडकते. शाईवाला खोडरबर तर पॉलिश पेपरचा धाकटा भाऊच.

पिनेला आयसोप्रोपिल अल्कोहोल, नव्वद टक्क्यांच्या वरचं. मोबाईल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं. जुन्या टूथब्रशवर दोन थेंब, पिन टूथपिकने दहा-बारा वेळा खाली-वर, पुन्हा दोन थेंब, मग अर्धा तास वाळू द्या. चामड्याच्या पट्ट्यावर सांडू नका, रंग जातो.

नाशिकच्या वर्षाताई
माझ्या घड्याळाला पिनाच दिसत नाहीत! पाठ अख्खी गुळगुळीत, गोल चकतीवर ठेवायचं. पण तसंच, रात्री ठेवते आणि सकाळी रिकामं. मीही ते अल्कोहोल आणू का?

जुना सोल्डर
ताई, तुमचं वायरलेस आहे, ओल्या कापडाने पुसून कोरडं केलं तरी पुरे. पट्टा कसला आहे? आणि ठेवताना बक्कल लावलेलं असतं का?

नाशिकच्या वर्षाताई
स्टीलच्या जाळीचा. हो, लावूनच ठेवते, नाहीतर पडतं.

जुना सोल्डर
मग घड्याळ चकतीवर नाही, पट्ट्यावर बसतंय. आतलं तारेचं वेटोळं लहान असतं, दोन-तीन मिलिमीटर उचललं किंवा बाजूला सरकलं तरी वीज पोचत नाही. मध्ये जाळी आली तर ती स्वतः तापते, आणि चकतीला धातू जाणवला की ती बंदच होते. पट्टा पूर्ण उघडा, दोन्ही बाजूंना पसरा, पाठ टेकू द्या. चकतीवरचा नवा असतानाचा पारदर्शक कागदही काढलाय ना तेवढं बघा.

नाशिकच्या वर्षाताई
कागद होता. दोन वर्षं. मुलाला सांगू नका.

पक्का पुणेरी
म्हणूनच म्हणतो, वायरलेस घ्यावं. गंज नाही, पिना नाहीत. माझं तर मोबाईलच्या वायरलेस पॅडवरसुद्धा चार्ज होतं.

जुना सोल्डर
तुमचं होत असेल, बहुतेकांचं होत नाही. पॅड तेच दिसलं तरी घड्याळाला आपल्याच चकतीची गरज असते.

अवधूत, रत्नागिरी
मोजमाप करून आलोय. शेजारचे काका टीव्ही दुरुस्त करायचे, मल्टिमीटर त्यांचा. नुसत्या पिनांवर ५.१ व्होल्ट. मी म्हटलं केबल ठीक. काका म्हणाले, "रिकाम्या नळालाही दाब दिसतो, पाणी सोडून बघ." त्यांनी दोन पिनांमध्ये ४७ ओहमचा रेझिस्टर टेकवला, तर व्होल्टेज धाडकन ३.१ वर! मग अल्कोहोल, टूथपिक, ब्रश. हिरवी पिन अर्ध्यावर अडकत होती, तिसऱ्या खेपेला मोकळी झाली. पुन्हा तोच रेझिस्टर, ४.९. केबल तीच.

जुना सोल्डर
काकांना नमस्कार. पहिल्या वेळी दोन व्होल्ट वाटेतच खाल्ले जात होते, म्हणजे त्या पिनेत जवळजवळ ३० ओहमचा अडथळा होता. आता दोन ओहम, चालेल. बाकीच्यांसाठी: रेझिस्टर अर्ध्या वॅटचा घ्या, दोन-तीन सेकंदच टेकवा, तापतो. मल्टिमीटरच्या टोकांनी पिना एकमेकींना जोडू नका. आणि चार पिनांच्या केबलवर आधी वीज देणाऱ्या दोन ओळखा.

हिरवी पिन धन बाजूची होती का?

अवधूत, रत्नागिरी
हो! कसं ओळखलंत? सकाळी धावून आलो की घामेजलेलं घड्याळ तसंच चार्जरला लावतो.

जुना सोल्डर
तेच. पिनांवर ५ व्होल्ट, मध्ये खारट घाम. धन बाजूचा धातू विरघळत जातो, शाळेतल्या विद्युतलेपनाच्या प्रयोगासारखा. धुवा, पुसा, दहा मिनिटं वाळवा, मग लावा. काढल्यावर भिंतीवरचं बटण बंद.

खोडरबर मास्तर
हे पटत नाही. माझ्या पुतण्याचं घड्याळ कायम कोरडं करून लावतो, तरी ठिपका काळा पडला. मनगटावर दिवसभर घामात असतं तेव्हा काहीच होत नाही?

जुना सोल्डर
होत असेल. काही घड्याळांच्या ठिपक्यांवर बॅटरीकडून थोडा दाब उलटा येतो, काहींच्या येत नाही. पुतण्याचं कुठलं ते उघडल्याशिवाय सांगता येणार नाही.

पक्का पुणेरी
मुलामा गेलाय हे तुम्हीच म्हणालात. म्हणजे महिन्या-दोन महिन्यांनी अवधूत पुन्हा इथे. ९०० रुपये तेव्हा द्यायचेच आहेत, तर आजच का नाही?

अवधूत, रत्नागिरी
काल रात्री १०० झालं, दोन तासांत. पुन्हा अडकली तर येतो सांगायला. तोवर ९०० रुपये खिशात.