चौथ्या मजल्यावर शॉर्ट झाला की मेन एसीबीच पडतो: काय बदलावं?

ओंकार_विजयनगर
इंदूरला विजयनगरमधल्या एका व्यापारी इमारतीचं मेंटेनन्स आमच्याकडे आहे. खाली शोरूम, वर पाच मजले ऑफिसं. ट्रान्सफॉर्मर ६३० केव्हीए, ११ केव्ही/४३३ व्होल्ट, प्लेटवर इम्पिडन्स ५ टक्के. एलटी पॅनेलला १००० अँपिअरचा एसीबी, इलेक्ट्रॉनिक रिलीजवाला. त्यातून प्रत्येक मजल्याला २५० अँपिअरचा थर्मल-मॅग्नेटिक एमसीसीबी. चौथ्या मजल्यापर्यंत १२० चौरस मिमी अ‍ॅल्युमिनियम केबल, सुमारे ६० मीटर. मजल्यावरच्या पॅनेलला नुसता आयसोलेटर, पुढे एमसीबी.
गेल्या आठवड्यात चौथ्या मजल्याच्या पॅनेलमध्ये सैल लग जळून फेज-फेज शॉर्ट झाला. मजल्याचा एमसीसीबी पडला, पण सोबत मेन एसीबीही गेला आणि अख्खी बिल्डिंग अंधारात. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, एमसीसीबी काढून १६० चे घाला, नाहीतर एसीबीच बदला. खर्च करण्याआधी विचारतोय, नेमकं काय घ्यावं?

शिरीष_ग्वाल्हेर
वरचा ब्रेकर खालच्याच्या किमान १.६ पट हवा, हा साधा नियम आहे. तुमच्याकडे चौपट आहे, म्हणजे रेटिंगचा दोष नाही. एसीबीचा डिले ०.४ सेकंद करा, काम झालं.

सराफा_दुकान
आमच्या दुकानातही पाऊस आला की असंच होतं. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी पडते. साइनबोर्डची वायर बदलली तेव्हा थांबलं. ओंकारभाऊ, आधी तुमचा बाहेरचा बोर्ड बघा.

माधुरी_टी
सराफाभाऊ, तुमची गळती काही मिलिअँपिअरची, इथला करंट हजारांत. ते दुखणं वेगळं.
ओंकार, आज काहीही विकत घेऊ नका. एसीबीच्या रिलीजवर Ir, Isd, tsd, Ii, Ig, tg अशा चकत्या असतील, त्या कुठे आहेत ते लिहा. ट्रिपनंतर कुठला दिवा लागला होता तेही. दिवा न बघता रिसेट करू नये, कारण ब्रेकर का पडला ते त्याशिवाय कळत नाही.

ओंकार_विजयनगर
दिव्याचा फोटो आमच्या मुलाने काढून ठेवला होता. Isd/Ii लिहिलेला दिवा. चकत्या: Ir ०.८५, Isd ५, tsd ०.१, Ii ६, Ig ०.२, tg ०.१. पॅनेल लागल्यापासून कुणी हात लावलेला नाही. या काळात जास्तीत जास्त लोड ५००-५५० अँपिअरपर्यंत जातो.

माधुरी_टी
मग उत्तर Ii मध्ये आहे. हिशोब मांडते, कॅल्क्युलेटर घेऊन बसा.

६३० केव्हीए म्हणजे पूर्ण लोडला ८४० अँपिअर. ५ टक्के इम्पिडन्सला भागलं की एलटी बसबारवर फॉल्ट सुमारे १६,८०० अँपिअर. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत केबल त्याला अडवते. १२० ची केबल थंड असताना किलोमीटरला साधारण ०.२५ ओहम, म्हणजे ६० मीटरला ०.०१५. केबलचा रिअ‍ॅक्टन्स आणि ट्रान्सफॉर्मर धरून एकूण इम्पिडन्स ०.०२६ ओहमच्या आसपास येतो:

```
250 V / 0.026 ohm ≈ 9600 A
```

आता Ii ६ म्हणजे ६ × १००० = ६००० अँपिअर, तोही बिनडिलेचा. फॉल्ट तिन्ही फेजचा असेल तर ९६०० चा, तुमच्यासारखा फेज-फेज असेल तरी सुमारे ८३०० चा. एमसीसीबीने १०-२० मिलिसेकंदांत तोडला खरा, पण तोवर एसीबीच्या रिलीजने "पडायचं" ठरवून टाकलेलं असतं. एकदा निर्णय झाला की करंट थांबला तरी यंत्रणा मागे फिरत नाही. म्हणून दोघंही पडले. tsd ०.१ होता, पण ६००० च्या वर tsd ला कुणी विचारत नाही, तिथे Ii चं राज्य. शिरीषदादा, नुसता डिले वाढवून इथे काही हाती लागणार नाही ते यामुळे.

आणि १.६ चा नियम ओव्हरलोडच्या भागात चालतो, शॉर्ट सर्किटच्या भागात तो काही सांगत नाही. १६० चे एमसीसीबी घातले असते तरी ९६०० अँपिअरला एसीबी पडलाच असता.

करायचं काय: Ii बंद करा. चकतीवर OFF असतं, काही मॉडेलमध्ये सगळ्यात वरची जागा. पण आधी दोन गोष्टी तपासा. एसीबीच्या प्लेटवर Icw किती आहे, आणि पॅनेलच्या बसबारचं शॉर्ट टाइम रेटिंग किती. दोन्ही १६.८ किलोअँपिअरच्या बरंच वर असेल (एसीबीला ५० किलोअँपिअर, १ सेकंद असं सहसा लिहिलेलं असतं) तर बंद करायला हरकत नाही.

बडोदेकर_पॅनेल
Ii १५ वर ठेवलं तर? १५,००० म्हणजे ९६०० च्या वरच.

माधुरी_टी
चौथ्या मजल्यापुरतं चालेल. पण तळमजल्याची केबल दहा मीटरची असते, तिथे फॉल्ट १५,००० च्या जवळ जातो, आणि एमसीसीबीच्या अगदी खाली तर १६,८०० च. तिथे पुन्हा सगळं अंधारात. OFF ची सोय नसेल तरच १५ घ्या.

आता Isd. एमसीसीबीचं मॅग्नेटिक १० पटीवर असेल तर २५०० अँपिअर, त्याची सहनमर्यादा २० टक्के, म्हणजे ३००० पर्यंत तो तत्काळ पडेलच असं नाही. त्यावर बाकी मजल्यांचा ५०० अँपिअर लोड एसीबीतून वाहतच असतो, तोही मिळवा. ३५०० झाले. आलेख काढताना लोक हा लोड विसरतात आणि मग कागदावर सुटे दिसणारे वक्र साइटवर चिकटतात. तुमचं Isd ५ × ८५० = ४२५०, दहा टक्के खाली धरलं तरी ३८२५. म्हणजे ते ठीक आहे, हलवू नका. tsd ०.१ सुद्धा पुरेसं.

कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा लॉग-लॉग कागदावर दोन्ही वक्र पट्ट्यांसकट काढा, रेघा नकोत. ९६०० वर उभी रेघ मारा. एमसीसीबीच्या पट्टीचा वरचा काठ आणि एसीबीच्या पट्टीचा खालचा काठ यांत मोकळी जागा दिसली पाहिजे. Ii चालू असताना तीच जागा भरलेली दिसेल.

बडोदेकर_पॅनेल
शिरीषभाऊंच्या ०.४ बद्दल एक भर. वर ११ केव्हीचा ब्रेकर आहे, त्याचा रिले विसरू नका. एलटीचा १६,८०० अँपिअर तिकडे ४३३/११००० च्या प्रमाणात ६६० अँपिअर दिसतो. रिलेचं पिकअप ४० अँपिअर, नॉर्मल इन्व्हर्स, टीएमएस ०.१ असेल तर तो पाव सेकंदात पडतो. एलटीला ०.४ ठेवलं तर बसबारच्या फॉल्टला एसीबीच्या आधी ११ केव्ही जाईल. ०.१ ठेवून ब्रेकर उघडायचा वेळ धरला तरी तुम्ही ०.१७ च्या आसपास राहता. टीएमएस ०.२ केलं तर चांगला फरक पडेल, पण ती परवानगी बिजली कंपनीकडून घ्यावी लागते. आणि रिलेचं इन्स्टंटेनियस ६६० च्या बरंच वर, ८५०-९०० ला हवं.

शिरीष_ग्वाल्हेर
मान्य, ११ केव्ही लक्षात घेतलं नव्हतं. पण मग मजल्यावरच्या एमसीबीचं काय? ६३ ची सी-कर्व्ह आहे, तिचा फॉल्ट २५०० च्या वर गेला तर एमसीसीबीही पडणार ना?

माधुरी_टी
हो, पडू शकतो. आणि तिथे आलेख उपयोगाचा नाही. दोघंही २० मिलिसेकंदांच्या आत तोडतात, तिथे वेळेपेक्षा एमसीबी किती ऊर्जा पुढे जाऊ देते हे महत्त्वाचं. त्यासाठी कंपनीचा सिलेक्टिव्हिटी तक्ता लागतो, अमुक एमसीसीबीखाली तमुक एमसीबी किती अँपिअरपर्यंत. तक्ता एकाच कंपनीच्या जोडीचा असतो. वरचा एकाचा, खालचा दुसऱ्याचा, अशा जोडीला कुणी चाचणी केलेली नसते.

ओंकार, तुमचं Ig मला जास्त खटकतंय. ०.२ म्हणजे २०० अँपिअर, डिले ०.१. मजल्यावर ६३ च्या एमसीबीखाली ४०० अँपिअरचा अर्थ फॉल्ट झाला तर सी-कर्व्हला हमखास तत्काळ पडायला ६३० लागतात, नाहीतर ती काही सेकंद घेईल. तुमचा एसीबी त्याच्या कितीतरी आधी जाईल. एमसीसीबीला अर्थ फॉल्ट कळतच नाही, मधे कुणी नाही.
Ig ०.४, tg ०.३ करा. खरा उपाय मजल्याच्या फीडरवर अर्थ लीकेज रिले: सीबीसीटीतून तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकत्र जातील (अर्थिंगची तार बाहेर), रिले १ ते ३ अँपिअर, डिले ०.१, एमसीसीबीला शंट ट्रिप. डीबीत सिंगल फेजवर आरसीसीबी. एवढीच खरेदी मी सुचवेन.

बडोदेकर_पॅनेल
एसीबी थ्री पोल असेल तर न्यूट्रलला वेगळी सीटी लावली आहे का तेही बघा. नसेल तर संगणक नि एलईडीचा न्यूट्रल करंट रिलीजला अर्थ फॉल्टच वाटतो. ओळख अशी: फॉल्ट काहीच नाही, दुपारी लोड चढला की Ig चा दिवा. आणि सीटी उलटी लागली तर आणखी वाईट, वजा व्हायचं ते मिळवलं जातं.

ओंकार_विजयनगर
सगळ्यांचे आभार. बघितलं: एसीबीवर Icw ५० किलोअँपिअर, बसबारलाही तेवढंच. Ii चकतीवर OFF आहे. फोर पोल आहे, त्यामुळे न्यूट्रलची सीटी आतच. पण एक राहिलं, ५०० केव्हीएचा डीजी. त्यावर पण हेच लागू?

माधुरी_टी
नाही, तिथे उलटं दुखणं. ५०० केव्हीएला पूर्ण लोड ६९५ अँपिअर. पहिल्या काही सायकल गेल्या की चांगल्या एक्साइटेशनचा अल्टरनेटरही साधारण तिपटीवर, २१०० ला टिकतो. तुमच्या एमसीसीबीचं मॅग्नेटिक २५०० ला जागं होतं. म्हणजे तो थर्मलवर काही सेकंद बसून राहील आणि डीजीचा एसीबी आधी जाईल. मॅग्नेटिक फिरवता येत असेल तर ६ वर आणा: १५००, वीस टक्के वर धरून १८००, म्हणजे २१०० च्या आत.

शिरीष_ग्वाल्हेर
६ वर माझा आक्षेप आहे. लाइन परत आली की मजल्याचे एएचयू, यूपीएस, व्हीआरएफ एकदम चालू होतात. तेव्हा एमसीसीबी पडले तर रोजची कटकट.

माधुरी_टी
१५ एचपीची मोटर डीओएलवर १५० अँपिअर खेचते, अशा चार एकदम म्हणजे ६००. यूपीएस ट्रान्सफॉर्मरवाला असेल तर मात्र तुमचं बरोबर असू शकतं. ओंकार, चौथ्या मजल्याला काय काय आहे आणि लाइन आल्यावर क्षणभर किती अँपिअर जातात, पीक पकडणाऱ्या क्लँप मीटरने मोजा. आकडा आल्याशिवाय ५, ६ की ८ हे मी सांगणार नाही.

बडोदेकर_पॅनेल
यूपीएसला वॉक-इन असतो, तो चालू असेल तर शिरीषभाऊंची भीती जवळपास संपते. आणि इलेक्ट्रॉनिक रिलीजचे एमसीसीबी घेतले तर हा वादच उरत नाही, पण सहा फीडरचा खर्च मालकाला विचारा.

ओंकार_विजयनगर
मालक विचारल्यावर काय म्हणतील ते माहीत आहे. रविवारी शटडाउन मिळतोय, Ii आणि Ig तेव्हा बदलतो. पीक मोजून इथेच टाकतो, यूपीएसच्या वॉक-इनचंही बघतो.